गणपतीत गावी जायचंय आणि नेमका तेव्हाच इंटरव्ह्यूचा स्लॉट आलाय. रिक्रूटरला काय सांगावं?

वेळणेश्वरकर
नमस्कार मंडळी. राहायला डोंबिवली, मूळ गाव गुहागर तालुक्यात. घरचा गणपती गौरींबरोबर जातो. यंदा 14 सप्टेंबरला सोमवारी चतुर्थी. आम्ही 12 ला शनिवारी निघतोय, 20 ला रविवारी परत. तिकिटं 14 जुलैला सकाळी आठच्या ठोक्याला काढली तेव्हा कुठे मिळाली. आता रद्द करून पुन्हा काढायचा प्रश्नच नाही, आणि आईबाबांना एकटं पाठवणंही शक्य नाही.

एका कंपनीत माझा पहिला टेक्निकल राउंड झाला, चांगला झाला. आज रिक्रूटरचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, की दुसरा राउंड हायरिंग मॅनेजरबरोबर 17 किंवा 18 ला, दुपारी, व्हिडिओवर, कुठला स्लॉट पक्का करू? मी अजून उत्तर दिलेलं नाही. पुढच्या आठवड्यावर ढकला म्हटलं तर ते दुसऱ्या कोणाला घेऊन मोकळे होतील का? गावातून दिला तर चालेल का? गणपतीचं कारण सांगावं की नुसतं प्रवास म्हणावं? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

दहा_वीस
बाप्पालाच पॅनेलवर बसवा. बुद्धीची देवता आहे, टेक्निकल राउंडपण घेईल.

शिरपूरचा
एवढा विचार कसला करता? गावातूनच द्या. आता सगळीकडे फोरजी आहे. हो म्हणून टाका, लॅपटॉप घेऊन जा, एक तासाचा प्रश्न. रिक्रूटरला नाही म्हटलं की नाव खाली गेलंच समजा.

ताम्हण
शिरपूरकर, तुम्ही गणपतीत कोकणात कधी गेलात का? एरवी ज्या वाडीत पन्नास माणसं असतात तिथे त्या आठवड्यात तीनशे असतात, आणि तीनशेच्या तीनशे आरतीचे व्हिडिओ मुंबईला पाठवत असतात. टॉवर तोच. फोनवर रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात आणि व्हिडिओ मात्र गोल गोल फिरत बसतो. लाईट गेली तर टॉवरची बॅटरी किती टिकेल त्याचा भरवसा नाही.

माझ्या चुलतभावाने मागे माळ्यावर बसून इंटरव्ह्यू दिला होता. तिथेच जरा रेंज यायची. खाली ओटीवर झांजा चालू, वर हा सिस्टीम डिझाइन समजावतोय. पॅनेलमधल्या बाईंनी विचारलं, मागे कसला आवाज येतोय? हा म्युट करून उत्तर द्यायला लागला आणि अनम्युट करायचं विसरला. दोन मिनिटं नुसते ओठ हलत होते.

आप्पा_निवृत्त
आमच्या वेळी रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी साहेबांच्या टेबलावर ठेवायचा असा दंडक होता. गणपतीची रजा तर जूनमध्येच मागायची. तुम्ही आधी अर्ज दिला असतात तर ही वेळ आली नसती. साहेबांना प्रत्यक्ष भेटून सांगा, माणूस असतो शेवटी.

ताम्हण
आप्पा, ते आत्ताच्या ऑफिसातली रजा मागत नाहीयेत. नव्या नोकरीच्या मुलाखतीची तारीख बदलून हवी आहे त्यांना.

आप्पा_निवृत्त
अच्छा. मग तारीख कशी बदलणार? यूपीएससीच्या मुलाखतीची तारीख बदलून देत नाहीत, तसं पत्रातच लिहिलेलं असतं. आमच्या पुतण्याने घरचं लग्न सोडून दिल्ली गाठली होती.

मीनल_ता
आप्पा, तुमचं यूपीएससीचं बरोबर आहे, पण खासगी कंपन्यांत तारीख रोज बदलते. बऱ्याचदा तर कंपनीच बदलते, तेही अर्धा तास आधी.

मी बरीच वर्षं भरतीचं काम केलंय. आधी कन्सल्टन्सीत, नंतर कंपनीच्या आत. म्हणून जरा सविस्तर लिहिते. वेळणेश्वरकर, आधी दोन गोष्टी सांगा. तुम्हाला मेसेज करणारी रिक्रूटर कंपनीची स्वतःची आहे की बाहेरच्या कन्सल्टन्सीची? आणि तुमचा नोटीस पिरियड किती? सगळं त्यावर अवलंबून आहे.

वेळणेश्वरकर
ताई, कन्सल्टन्सीची आहे. कंपनीच्या एचआरशी अजून थेट बोलणं झालेलं नाही. नोटीस 90 दिवसांची, पण राजीनामा आधीच दिलाय. शेवटचा दिवस 30 ऑक्टोबर, तसं कंपनीने मेलवर कळवलंय. हातात एक ऑफर आहे, पण ही दुसरी जागा कामाच्या दृष्टीने जास्त आवडलीय.

बोरूबहाद्दर
म्हणजे एकाला हो म्हणून दुसरीकडे मुलाखती देताय. मग तिसऱ्यालाही द्या. याच लोकांमुळे आमच्यासारख्यांना नव्वद दिवस थांबून आयत्या वेळी ‘कँडिडेट आलाच नाही’ ऐकावं लागतं.

दहा_वीस
बोरूभाऊ, कंपन्या ऑफर देऊन जॉइनिंगच्या आदल्या आठवड्यात मागे घेतात तेव्हा तुमचा बोरू कुठे असतो?

बोरूबहाद्दर
तेव्हाही लिहितो. जुने धागे वाचा.

मीनल_ता
नीतिमत्तेचा वेगळा धागा काढा रे, तिथे मीही भांडायला येईन.

वेळणेश्वरकर, तुमची बाजू तुम्हाला वाटतेय त्यापेक्षा बरीच भक्कम आहे. कशी ते बघा.

कन्सल्टन्सीच्या मुलीच्या हातात पॅनेलचं कॅलेंडर नसतं. कंपनीच्या एचआरने तिला दोन-चार स्लॉट पाठवलेले असतात, आणि ते भरून परत पाठवणं हे तिचं काम. 17-18 हे ‘हेच दिवस, नाहीतर नाही’ असं कंपनीने म्हटलेलं असेलच असं नाही. बहुतेक वेळा मॅनेजरने त्या आठवड्यात एक-दोन मोकळे तास दाखवलेले असतात, इतकंच. शिवाय कन्सल्टन्सीला पैसे तुम्ही रुजू झाल्यावर मिळतात. वर्षाच्या पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार, हा आपल्याकडचा नेहमीचा दर. पहिला राउंड पार केलेला माणूस गमावणं तिला परवडत नाही. तिला नवा माणूस शोधून, पुन्हा पहिल्या राउंडला बसवून इथपर्यंत आणायचं तर दोन आठवडे जातील.

आता ‘माझी जागा जाईल का’ याबद्दल. अशी काही रांग नसते की तुम्ही बाजूला झालात आणि मागचा पुढे सरकला. एका जागेसाठी तीन-चार जण वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात, आणि त्यातल्या कोणीतरी ऑफर स्वीकारून सही केली की दार बंद होतं. म्हणजे धोका तारीख बदलायला सांगण्यात फारसा नाही. त्या मधल्या आठवड्यात दुसऱ्या कोणाचा शेवटचा राउंड होऊन ऑफर निघण्यात आहे. म्हणून पुढे ढकला असं म्हणण्याआधी अलीकडे ओढा असं म्हणायचं. 12 ला निघताय ना? मग 7 ते 11 मधल्या तीन-चार वेळा स्वतःहून द्या. सकाळी साडेआठ, संध्याकाळी सात, जे तुमच्या ऑफिसात निभेल ते. तेही नाहीच जमलं तर 21 आणि 22.

आणि तुमचा हुकमाचा पत्ता म्हणजे 30 ऑक्टोबर. कंपनीला घाई मुलाखतीची नसते, माणूस खुर्चीत बसण्याची असते. ज्याने अजून राजीनामाच दिलेला नाही त्याची मुलाखत आठवडाभर पुढे गेली, की त्याचं येणंही आठवडाभर पुढे जातं. तुमचं तसं नाही. मुलाखत 10 ला होवो की 22 ला, तुम्ही 2 नोव्हेंबरला सोमवारीच येणार. हे वाक्य त्यांना स्पष्ट लिहून द्या, कारण रिक्रूटर स्वतःहून हा हिशोब करून मॅनेजरला सांगेलच असं नाही.

कुळथाचं_पिठलं
ताई, हे व्हॉट्सॲपवर सांगायचं की मेल करायचा?

मीनल_ता
आधी फोन, लगेच मागोमाग मेल. फोनवर तिचा सूर कळतो. मेल यासाठी, की ती तोच कंपनीच्या एचआरला पुढे पाठवू शकते. व्हॉट्सॲपचं तिला स्वतःच्या शब्दांत लिहावं लागतं, आणि त्यात ‘कँडिडेट 17-18 ला अव्हेलेबल नाही’ एवढंच उरतं. मग मॅनेजरला वाटतं, याला रस नाही.

मेल इंग्रजीत लिहालच, आशय असा ठेवा: ‘दुसऱ्या राउंडसाठी निवड झाल्याचा आनंद आहे, ही भूमिका मला हवी आहे. 12 ते 20 सप्टेंबर माझा आधीच ठरलेला कौटुंबिक प्रवास आहे आणि तिथे भरवशाचं इंटरनेट नाही. मी 8, 9 आणि 10 ला सकाळी 9 च्या आत किंवा संध्याकाळी 6.30 नंतर, आणि 11 ला पूर्ण दिवस उपलब्ध आहे. हे शक्य नसेल तर 21 आणि 22 ला कोणतीही वेळ चालेल. माझा आत्ताच्या कंपनीतला शेवटचा दिवस 30 ऑक्टोबर निश्चित आहे, त्यामुळे यातल्या कोणत्याही तारखेने रुजू होण्याचा दिवस बदलत नाही.’ बस. माफी मागू नका, तिकिटांची कथा सांगू नका.

शिरपूरचा
सगळं मान्य, पण शेवटी एक ओळ टाकायला काय हरकत आहे, की फारच गरज पडली तर गावातूनही देऊ शकेन? तयारी दिसते माणसाची.

मीनल_ता
हरकत आहे. कामात बुडालेल्या माणसाला चार पर्याय दिले तर त्याला सर्वात कमी हलवाहलव करावी लागणारा पर्यायच तो उचलतो. तुमची ती एक ओळ वाचून ती लगेच 17 चं इन्व्हाइट पाठवून देईल आणि वरचं सगळं लिहिलेलं वाया जाईल. गावातून द्यायची खरंच तयारी असेल तरच लिहा.

शिरपूरचा
हं. हे पटलं.

ताम्हण
आणि गावातून द्यायचीच वेळ आली तर वाडीत बसू नका. चिपळूणला एखाद्या लॉजवर दोन-तीन तासांपुरती खोली घ्या, आधी फोन करून वायफायचं विचारून. मात्र त्या आठवड्यात खोल्याही भरलेल्या असतात.

सई_पिंपरीकर
मला कारण सांगावं की नाही, यावर बोलायचंय. ताई ‘कौटुंबिक प्रवास’ लिहा म्हणताहेत, पण मुंबई-पुण्याच्या कंपनीत सरळ गणपती म्हटलेलं बरं असं माझं मत. अर्धं पॅनेल स्वतःच मोदक वळत असतं. माझ्या आत्ताच्या कंपनीत मी सांगितलं तेव्हा मॅनेजर म्हणाला, ‘अरे मीपण देवगडला चाललोय, मला पण नकोच होतं.’

कुळथाचं_पिठलं
सई, मॅनेजर इथला असेल तर ठीक. माझी मुलाखत घेणारे गुरुग्राममधले होते. त्यांच्या लेखी गणेशचतुर्थी म्हणजे कॅलेंडरवरची एका दिवसाची सुट्टी. ‘चतुर्थीला हॉलिडे आहे ना, मग तीन दिवसांनी काय अडचण?’ असं खरंच विचारलं. आता त्यांना गौरी आवाहन, पूजन, विसर्जन आणि गावाला जाणाऱ्या दोनच बसेस कुठून समजावणार. तेव्हापासून मी फक्त प्रवास म्हणते. प्रवासाला कोणी उलटा प्रश्न विचारत नाही.

नंदिनी_फ्रांकफुर्ट
इथे जर्मनीत हा प्रश्न पडतच नाही म्हटलं तरी चालेल. ‘माझी सुट्टी ठरलेली आहे’ एवढं वाक्य पुरतं, उलट ऑगस्टमध्ये रिक्रूटरलाच मेल केला की ती तीन आठवडे रजेवर असल्याचं आपोआप उत्तर येतं. इथली मेख वेगळीकडे आहे. नवीन नोकरीत पूर्ण वार्षिक रजेचा हक्क सहा महिन्यांनंतरच मिळतो. त्यामुळे दिवाळीला भारतात यायची तिकिटं काढली असतील आणि ऑक्टोबरमध्ये रुजू होणार असाल, तर ऑफर आल्यावर, सही करायच्या आधी सांगायचं आणि ते लेखी घ्यायचं. सही झाल्यावर सांगितलं तर नाही म्हणायला ते मोकळे असतात.

मीनल_ता
नंदिनी, हे आपल्याकडेही लागू आहे. मुलाखतीच्या काळातला प्रवास आत्ता सांगायचा, रुजू झाल्यानंतरचा प्रवास ऑफर हातात आल्यावर. पहिल्याच फोनवर ‘मला डिसेंबरमध्ये दहा दिवस सुट्टी हवी’ म्हणणारे लोक मी पाहिलेत. अजून मुलाखतही झालेली नसते.

सई_पिंपरीकर
कुळथाचं_पिठलं, बसेसवाला मुद्दा मान्य. पण मग खोटं नको बोलायला एवढं तरी. आमच्या ओळखीत एकाने आजी आजारी सांगितलं होतं.

दहा_वीस
आणि मग स्टेटसला आजी फुगडी घालताना.

मीनल_ता
हसू नका, असंच होतं. रिक्रूटरकडे तुमचा नंबर सेव्ह असतो, तुम्हीही तिचा सेव्ह केलेला असला की तिला तुमचं स्टेटस दिसतं. आणि तारीख बदलून मागितल्याने कोणी कापलं गेलेलं मी क्वचित पाहिलंय. पकडलेल्या थापेने मात्र नक्की कापतात, कारण मग 30 ऑक्टोबरही थापच आहे का असं वाटायला लागतं.

अवंती_ठाणे
सगळे पुरुषांच्या चालीने बोलताय म्हणून लिहिते. घरच्या गौरी माझ्याकडे असतात. मी सासरची एकुलती एक सून. मी ‘कौटुंबिक’ हा शब्द लिहिला की समोरच्याच्या डोक्यात लगेच सुरू होतं, हिला घरच्या जबाबदाऱ्या फार दिसताहेत. एका फोनवर मला स्पष्ट विचारलं होतं, ‘असं वारंवार होणार का?’ माझ्या नवऱ्याने त्याच आठवड्यात त्याच कारणाने तारीख बदलून घेतली, त्याला ‘हॅपी गणपती’ म्हणाले. त्यामुळे मी ‘आधी ठरलेला प्रवास’ लिहिते. कुटुंबही नाही आणि गणपतीही नाही.

सई_पिंपरीकर
हे वाचून वाईट वाटलं. पण आपण लपवत राहिलो तर बदलणार कसं?

अवंती_ठाणे
ते बदलायचं काम मी नोकरी पक्की झाल्यावर आनंदाने करेन. आत्ता मला स्लॉट हवाय.

मीनल_ता
अवंती, तुझ्याशी वाद घालणार नाही. आम्ही एचआरवाले मीटिंगमध्ये हा भेद नाही म्हणतो, आणि फोन उचलणारी माणसं तो करतात. वरच्या मेलमधून ‘कौटुंबिक’ शब्द काढला तरी काही बिघडत नाही.

बोरूबहाद्दर
ताई, एक खरं सांगा. तारीख बदलली आणि आतून नाव कापलं गेलं, तर ते कळतं कसं? तोंडावर तर सगळे ‘नो प्रॉब्लेम’ म्हणतात.

मीनल_ता
चांगला प्रश्न. ‘नो प्रॉब्लेम’ला काही किंमत देऊ नका. नव्या तारखेचं कॅलेंडर इन्व्हाइट आलं आणि त्यात पॅनेलमधल्या माणसाचं नाव असलं, तर तुम्ही अजून आत आहात. फोनवर होकार दिला आणि दोन कामाच्या दिवसांत इन्व्हाइट आलं नाही, तर एकदा विचारा. ‘पॅनेलची अव्हेलेबिलिटी बघून कळवते’ हे दुसऱ्यांदा ऐकलं की बहुतेक दुसऱ्या कोणाचा शेवटचा राउंड चालू आहे, आणि तुम्हाला राखीव ठेवलंय. राखीव म्हणजे संपलं असं नाही. नव्वद दिवसांच्या नोटिसीत पहिला माणूस फिरला की राखीवलाच फोन जातो. पण तुम्ही मग तुमच्या हातातल्या ऑफरवर लक्ष द्या.

आणि काही तारखा खरंच हलत नाहीत. शनिवारचा ड्राइव्ह असेल, एकाच दिवशी तिन्ही राउंड आणि सगळे पॅनेलवाले एकत्र बोलावलेले, तर तो चुकला की पुढचा कधी ते देवाला ठाऊक. परदेशातला डायरेक्टर दोन दिवसांसाठी आला असेल तरी तेच. म्हणून फोनवर एवढं जरूर विचारा: ‘हा ड्राइव्ह आहे की नेहमीचा स्लॉट?’

वेळणेश्वरकर
ताई, सगळ्यांचे आभार. आज सकाळी फोन केला. ड्राइव्ह नाही म्हणाली. आधी जरा कुरकुर, ‘सर फार बिझी आहेत’. मग 2 नोव्हेंबरचं सांगितल्यावर ‘हे मेलमध्ये टाका’ म्हणाली. तासाभरात मेल केला. ‘कौटुंबिक’ काढलं, अवंतीताईंचं वाचून.

संध्याकाळी इन्व्हाइट आलं. 10 तारीख, गुरुवार, संध्याकाळी 7. मॅनेजरचं नाव आहे त्यात.

दहा_वीस
बाप्पा मोरया! पेढे कुठे?

वेळणेश्वरकर
थांबा, अजून एक गोची आहे. ती म्हणाली, हा राउंड झाला तर शेवटचा एचआर आणि डायरेक्टरचा राउंड ‘पुढच्या आठवड्यात पटकन उरकून टाकू’. पुढचा आठवडा म्हणजे पुन्हा 14 ते 18! आता काय, परत तोच मेल?

शिरपूरचा
चिपळूणचं लॉज बुक करा.

मीनल_ता
परत मेल आत्ताच नको, अजून तो राउंड ठरलेला नाही. 10 ला मॅनेजर शेवटी ‘काही प्रश्न?’ विचारेल, तेव्हा त्यालाच विचारा की पुढचा टप्पा कसा आणि कधी, आणि 12 ते 20 प्रवासात असल्याचं एका वाक्यात सांगा. त्याला तुम्ही आवडलात तर तारीख तो स्वतः एचआरला सांगेल, आणि त्याचा शब्द कन्सल्टन्सीपेक्षा जड असतो. एचआरचा पगाराचा भाग नुसत्या फोनवरही होतो, व्हिडिओ लागत नाही, तेवढा गावातून द्यायला मी हो म्हणेन. डायरेक्टरसाठी मात्र 21 चाच आग्रह धरा. तो मिळेलच असं मी सांगू शकत नाही.

ताम्हण
फोनचा राउंड असेल तर सकाळी आठच्या आत घ्या. तेव्हा वाडी उठून अंघोळीच्या रांगेत असते, नेटवर्क मोकळं मिळतं.

आप्पा_निवृत्त
गुहागरला कुठे? वेळणेश्वरला आमचे एक साहेब होते, त्यांच्या घरी लँडलाइन होता. अजून असेल तर विचारून सांगतो.